विषय: हॉलचे पैसे मंडळाच्या कार्डावर दोनदा लागलेत

मेधा:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या हॉलचा ॲडव्हान्स कार्डाच्या स्टेटमेंटवर दोनदा दिसतोय. दोन्हींची व्यवहाराची तारीख ६ सप्टेंबर, रक्कम ६४०.००. एक ८ तारखेला पोस्ट झालाय, दुसरा ९ ला. बुकिंग एकच, पावतीही एकच. हॉलवाले म्हणतात, आमच्याकडे एकदाच जमा दिसतंय. बिल भरायची तारीख जवळ आलीय. काय करू?

संजय:
मेधा, बँकेला फोन करून "हा व्यवहार मी केलेला नाही" म्हणून सांग. फ्रॉड म्हटलं की लगेच हलतात.

विद्याताई:
संजय, कृपा करून असं काही सांगायला लावू नकोस. फ्रॉड म्हटलं की कार्ड बंद होतं, नवीन नंबर येतो आणि मंडळाची सगळी ऑटो-पेमेंट्स अडकतात. शिवाय त्याच दुकानाचा, त्याच दिवशीचा पहिला व्यवहार आपणच केलाय, तो आपण मान्य करतो. मग बँक विचारणारच, एक तुमचा आणि दुसरा चोराचा कसा? तक्रार "एकाच व्यवहाराची दोनदा आकारणी" अशीच नोंदवायची. व्हिसाकडे त्याला वेगळा कोडच आहे, १२.६.१.

मेधा, पावतीवर सहा आकडी-अक्षरी अप्रूव्हल कोड असेल. बँकेला विचार, दोन्ही नोंदींना हाच कोड आहे का. एकच असेल तर मंजुरी एकदाच मिळाली आणि वसुली दोनदा पाठवली गेली, म्हणजे प्रकरण सरळ. कोड वेगळे निघाले तर मंजुरीच दोनदा घेतली गेली. मग हॉलवाले दोन बुकिंग होती असं म्हणू शकतात, आणि बुकिंग एकच होतं हे आपल्याला दाखवावं लागेल. त्यांचा कन्फर्मेशन ईमेल जपून ठेव.

अनिलकाका:
माझ्याही बाबतीत असंच झालं होतं. हॉटेलने दोनदा पैसे धरले होते, मी काहीच केलं नाही, काही दिवसांनी एक आपोआप गेलं. थांबा थोडं.

विद्याताई:
काका, तुमचं पेंडिंग होतं. नुसती अडवलेली रक्कम वापरली नाही की सुटते. मेधाच्या दोन्ही नोंदी पोस्ट झाल्यात, त्या आपोआप जाणार नाहीत. थांबण्यात धोकाही आहे: व्हिसाची मुदत साधारण १२० दिवसांची, पण बँकेची स्वतःची त्याहून कमी असू शकते.

नितीन (खजिनदार):
मंडळाच्या कार्डाच्या गोष्टी आधी खजिनदाराला कळवायच्या असतात, हे मागच्या बैठकीत ठरलं होतं. स्टेटमेंट माझ्याकडे येतं. पत्र माझ्या नावाने जाऊ दे.

मेधा:
नितीन, पत्र तुझ्याच नावाने जाईल, काही हरकत नाही. फोन केला मी. अप्रूव्हल कोड दोन्हींना एकच आहे! स्टेटमेंटवरचा लांब २३ आकडी रेफरन्स मात्र वेगळा: पहिल्याचा शेवट ४४१७, दुसऱ्याचा ५०९२. मसुदा असा चालेल का?

"६ सप्टेंबरचा ६४०.०० चा व्यवहार आमच्या खात्यावर दोनदा आकारला गेला आहे. ८ सप्टेंबरला पोस्ट झालेली नोंद (रेफरन्सचा शेवट ४४१७) आम्हाला मान्य आहे. ९ सप्टेंबरची नोंद (शेवट ५०९२) त्याच व्यवहाराची आहे. दोन्हींचा अप्रूव्हल कोड एकच आहे आणि बुकिंगही एकच आहे. कृपया ९ सप्टेंबरची ६४०.०० ची नोंद रद्द करून तिच्यावर लागलेलं व्याज व शुल्क परत करावं आणि निर्णय लेखी कळवावा. पावती, बुकिंगचा ईमेल व स्टेटमेंटची प्रत सोबत जोडली आहे."

विद्याताई:
उत्तम. कोणती ठेवायची आणि कोणती काढायची, हे स्पष्ट झालं. बऱ्याच पत्रांत नेमकं तेच राहतं आणि बँक पुन्हा विचारत बसते. ऑनलाइन फॉर्ममधून पाठव म्हणजे तक्रार क्रमांक मिळेल. नितीन, वादातली रक्कम सोडून बाकी बिल वेळेवर भर. ती बाजूला ठेवता येते का, हे बँकेला आधी विचार. तात्पुरते पैसे जमा झाले तरी हिशेबात पक्के धरू नकोस, चौकशी आपल्या विरुद्ध गेली तर ते परत घेतात.

संजय:
आणि हॉलवाल्यांनी स्वतःच परत केले तर? दोन्हीकडून आले की फायदाच की!

विद्याताई:
नाही रे, मग बँक एक परत घेईल. हॉलचा रिफंड आधी आला तर लगेच बँकेला कळवून तक्रार मागे घ्यायची.

नितीन (खजिनदार):
पाठवलं, तक्रार क्रमांक मेधाला फॉरवर्ड केलाय. वादातली रक्कम बाजूला ठेवण्याबद्दल बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही. उद्यापर्यंत नाही आलं तर पूर्ण भरतोय, मंडळाच्या नावावर उशीर लागू द्यायचा नाही.

अनिलकाका:
पण हॉल नक्की बुक आहे ना?