मदत हवी आहे: प्राधान्य फिरतं ठेवलंय, तरी ३ नंबरच्या पोर्टची पाळीच येत नाही

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सोमवारी दाखवायचा आहे आणि चार दिवसांपासून एकाच ठिकाणी अडकलोय. केळीच्या फण्या कॅमेऱ्यासमोरून सरकवायच्या आणि आकारावरून प्रत लावायची, असं काम आहे. एफपीजीए बोर्डवर मेमरी एकच, आणि ती मागणारे चार: ० सेटिंग, १ सिरियल, २ कॅमेरा, ३ स्क्रीन. ० आणि १ बहुतेक वेळ गप्प असतात. २ आणि ३ मात्र सतत मागतच असतात.

एकालाच कायम पहिला मान दिला तर दुसरा उपाशी राहणार, म्हणून राउंड रॉबिन आर्बिटर लिहिला. `ptr` ज्या नंबरवर असेल तिथून शोधायला लागायचं, पुढे जो पहिला मागणारा भेटेल त्याला मेमरी द्यायची.

```verilog
always @(posedge clk)
  if (rst) ptr <= 2'd0;
  else     ptr <= ptr + 1'b1;

// स्टेट मशीन
IDLE: if (|req) begin
        gnt   <= pick(req, ptr);
        state <= BUSY;
      end
BUSY: if (last) begin
        gnt   <= 4'b0;
        state <= IDLE;
      end
```

एका पाळीत तीन शब्द जातात, एका क्लॉकला एक. सिम्युलेशनमध्ये मी दोन शब्दांची पाळी ठेवली होती, तेव्हा दोघांनाही मेमरी मिळत होती. बोर्डवर मात्र स्क्रीन काळी. लॉजिक ॲनालायझर लावला तर `gnt[3]` एकदाही वर जात नाही. त्यातून रीसेट दाबत राहिलं की मधेच कधीतरी उलटं होतं, म्हणजे स्क्रीनला मिळतं आणि कॅमेरा उपाशी राहतो. वायरी, सप्लाय सगळं दोनदा तपासलं. कुठे चुकतंय?

पंपवाला_चोपडा

भाऊ, तुमचं ते चिपचं मला कळत नाही, पण पाळीचं दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो. आमच्या सामाईक विहिरीवर दोन पंप आहेत. दोन्ही सारखे झिजावेत म्हणून पॅनेलवाल्याने दर १२ तासांनी पंप बदलणारा टायमर बसवून दिला. वर्षभरात एकाच पंपाचं बेअरिंग दोनदा गेलं, दुसरा अगदी नवाकोरा. आम्ही पंपाच्या कंपनीला दोष देत बसलो. हे तुमच्यासारखंच आहे का?

भुसावळ_यार्ड

रावेरकर, `ptr` असा मोकळा सोडू नकोस. तो पळतोय क्लॉकवर, पाळी संपतेय तिच्या वेळेने, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. `ptr <= ptr + 1` ही ओळ BUSY मध्ये `last` च्या आत टाक. एक पाळी झाली की एक घर पुढे. काम झालं.

साक्रीची_लेक

चोपड्याचे दादा, तुमचं दुखणं अगदी हेच आहे. लाईट तुमच्याकडे रोज रात्रीच येत असणार. दोन रात्रींमध्ये २४ तास, तेवढ्यात टायमर दोनदा पलटतो आणि रात्री पुन्हा तोच पंप पुढे येतो. टायमर काढा, पंप बंद झाला की बदली होईल असं करून घ्या.

रावेरकर, आता तुझं. तीन शब्दांना BUSY चे तीन क्लॉक आणि मधला IDLE चा एक, मिळून चार. तुझा `ptr` सुद्धा चार क्लॉकमध्ये एक फेरा पूर्ण करतो. म्हणजे निवड करायची वेळ येते तेव्हा तो दरवेळी एकाच नंबरवर उभा असतो. तो ०, १ किंवा २ वर सापडला तर शोध २ वर थांबतो, कॅमेरा कायमचा जिंकतो. ३ वर सापडला तर स्क्रीन कायमची जिंकते. रीसेटनंतर पहिली मागणी कोणत्या क्लॉकला आली त्यावर हे ठरतं, म्हणून तुला मधूनच उलटं दिसतं. सिम्युलेशनमध्ये दोन अधिक एक असे तीन क्लॉक होते, त्यामुळे `ptr` दरवेळी वेगळ्या नंबरवर सापडत गेला आणि चूक झाकली गेली. तिथे दोघांना किती किती पाळ्या मिळाल्या, हे मोजलं होतंस का?

केळीबाग_रावेर

ताई, आत्ता मोजलं. शंभर पाळ्यांत कॅमेऱ्याला ७५ आणि स्क्रीनला २५. शून्य नव्हतं म्हणून तेव्हा लक्षच दिलं नाही.

भुसावळच्या दादांनी सांगितलं तसं करून पाहिलं. बोर्डवर स्क्रीन चालू झाली! पण प्रमाण तेच, ७५ आणि २५.

साक्रीची_लेक

तेच येणार. भुसावळच्या दादांचं अर्धं बरोबर आहे: पाळी संपल्यावरच `ptr` हलला पाहिजे. त्याने उपासमार संपली, कारण चार पाळ्यांत एकदा तरी तो ३ वर येतोच. पण एकेक घर सरकताना तो ० आणि १ या रिकाम्या घरांवरही थांबतो, आणि तिथली पाळी पुढच्या कॅमेऱ्याच्या पदरात पडते. स्वतःची एक आणि गप्प बसलेल्यांच्या दोन, अशा तीन. स्क्रीनला आपली एकच.

आमच्याकडे पाटाची शेजपाळी असते, तशी ही पाळी हवी. ज्याचं शेत भिजलं त्याच्या शेजारच्यापासून पुढे. ज्याला पाणी नको त्याच्या नावावर कुणी दुसऱ्यांदा भिजवून घेत नाही. म्हणून `ptr` ला मागच्या `ptr` वरून मोजू नकोस, ज्याला मेमरी दिली त्याच्यावरून मोज:

```verilog
BUSY: if (last) begin
        ptr   <= gnt_id + 1'b1;
        gnt   <= 4'b0;
        state <= IDLE;
      end
```

`gnt_id` म्हणजे ज्याला दिली त्याचा नंबर, निवड करतानाच साठवून ठेव. दोन बिटांत ३ नंतर आपोआप ० येतो. आता हातावर कर: `ptr` ०, कॅमेऱ्याला मिळालं, `ptr` झाला ३. स्क्रीनला मिळालं, `ptr` झाला ०. पुन्हा कॅमेरा. आपली पाळी आटोपलेला रांगेत सगळ्यांत मागे जातो.

आणि टेस्टबेंचमध्ये एक तपासणी घाल. एखादा पोर्ट सलग मागत थांबला असताना दुसऱ्या कुणालाही दोनदा मेमरी मिळाली, तर तिथेच एरर दे. "प्रत्येकाला कधी ना कधी मिळालं" एवढंच तपासलं असतं तर भुसावळवाली आवृत्ती पास झाली असती. या तपासणीत ती दुसऱ्याच पाळीला पकडली जाते.

भुसावळ_यार्ड

मान्य. रिकामी घरं माझ्या डोक्यातच आली नाहीत, मी चौघंही मागताहेत असं धरून चाललो होतो. तेव्हा दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात.

पंपवाला_चोपडा

ताई, लाईट रात्रीचीच आहे. उद्या पॅनेलवाल्याला बोलावतो.

केळीबाग_रावेर

बदललं. ५० आणि ५०. ताई, खूप आभार. तुमची तपासणी जुन्या कोडवर चालवली तर खरंच दुसऱ्या पाळीला एरर आला.

आता एक पुढचं. माझा जोडीदार म्हणतो कॅमेऱ्याला एका पाळीत १६ शब्द देऊ, म्हणजे IDLE मध्ये वेळ कमी वाया जाईल. त्याने स्क्रीन परत अडेल का?

साक्रीची_लेक

उपाशी राहणार नाही, पण जास्त थांबेल. आर्बिटर पाळ्या सारख्या वाटतो, क्लॉक नाही. आज स्क्रीनला जास्तीत जास्त तिघांच्या पाळ्या थांबावं लागतं, म्हणजे १२ क्लॉक. कॅमेऱ्याची पाळी १७ क्लॉकची झाली की १७ अधिक ८, म्हणजे २५. तेवढा वेळ स्क्रीनच्या फिफोत पुरतील इतके शब्द शिल्लक असतात का?

भुसावळ_यार्ड

मी तर म्हणतो स्क्रीनला सरळ पहिला मान दे आणि बाकी तिघांत राउंड रॉबिन ठेव. स्क्रीन थांबली की लगेच डोळ्यांना दिसतं.

साक्रीची_लेक

स्क्रीन मधे मधे मागणं सोडत असेल तरच. तो म्हणतो ती सतत मागते. मग बाकीचे तिघं उपाशी, पुन्हा पहिल्या दिवसावर.

केळीबाग_रावेर

फिफो भरला की स्क्रीन मागणं थांबवते असं मला वाटत होतं, पण ॲनालायझरवर `req[3]` कधी खाली गेलेलं दिसलं नाही. फिफोची खोली आणि ती ओळ दोन्ही तपासून रात्री लिहितो.