चेहरा एका फोटोतला, पोझ दुसऱ्यातली: एकाच प्रॉम्प्टमध्ये जमेना, मदत हवी आहे

झिपरी: बहिणीच्या नाचाच्या कार्यक्रमाचं पोस्टर करतेय. एक फोटो तिचा, अगदी समोरून काढलेला, दुसरा एका नर्तकीचा, उडी मारून खांद्यावरून मागे बघतानाचा. दोन्ही चित्रं बनवणाऱ्या एआयला अपलोड करून लिहिलं की "चेहरा हिचा घे आणि पोझ तिची". तर पोझ झकास आली, पण नाक बहिणीचं आणि जबडा त्या बाईचा, वर तिचा निळा ड्रेसही चिकटून आला. चेहऱ्यावर जोर दिला की बहीण सरळ उभीच राहते, उडी गायब. काय करू?

खटपट्या: चेहऱ्याचा फोटो आधी अपलोड कर, पहिल्या फोटोचंच ऐकतं ते. माझं तसंच जमलं होतं.

रात्रपाळी: क्रमाचा उपयोग आहे, पण "पहिला", "दुसरा" असं नाव घेऊन सांगता येतं म्हणून. "हिचा-तिची" वरून त्याला काय कळणार? आणि काय घ्यायचं तेवढंच नको, काय घ्यायचं नाही तेही लिही:

```
पहिल्या फोटोतून फक्त चेहरा आणि केस घे.
दुसऱ्या फोटोतून फक्त हातपाय, धड आणि मानेची दिशा घे;
त्यातला चेहरा, केस, कपडे, पार्श्वभूमी घेऊ नको.
कपडे: लाल साडी. पूर्ण शरीर दिसू दे.
```

कपडे स्वतःहून सांगितलेस की निळा ड्रेस बहुतेक जाईल. तरी जबडा डोकावलाच तर पोझच्या फोटोवरून आधी साधं रेषाचित्र करून घे आणि दुसरा फोटो म्हणून तेच दे. उसना घ्यायला चेहराच उरत नाही. नुसता चेहऱ्यावर करडा ठिपका मारू नकोस, मान कुठे वळलीय ते कळत नाही आणि कधीकधी ठिपकाच चित्रात उतरतो.

आठवले_तसे: मलापण हेच पाहिजे, मी आणि मित्र एका फोटोत शेजारी शेजारी दिसायला हवं, दोघांचे वेगळे फोटो आहेत.

रात्रपाळी: तुमचं वेगळं आहे हो, तुम्हाला दोन्ही चेहरे ठेवायचेत, इथे एक घालवायचाय. नवीन धागा काढा.

झिपरी: रेषाचित्राने काम झालं, जबडा गेला, साडी लाल आली! पण चेहरा बहिणीसारखा "वाटतो", ती नाहीये. चुलत बहीण म्हणून खपेल.

रात्रपाळी: तुझा फोटो समोरून आणि पोझमध्ये ती मागे वळलेली, म्हणजे गालाची कड, नाकाचा उंचवटा हे फोटोत नाहीच, ते अंदाजाने भरलं जातं. तिचा थोडा बाजूने काढलेला फोटो दे, शक्यतो त्याच बाजूचा. शिवाय पूर्ण शरीर दाखवलं की चेहरा चिमुकला होतो, बारकावे मावतच नाहीत. पोझ पक्की झाली की फक्त चेहऱ्याचा भाग निवडून तेवढाच परत करून घे, बाकीला हात लावू नको.

खटपट्या: एकाच प्रॉम्प्टमध्ये पाहिजे होतं ना तिला?

रात्रपाळी: हो, पण इतक्या वळलेल्या मानेला एका फटक्यात क्वचितच जमतं.

झिपरी: बाजूचा फोटो मिळाला, चेहरा आता ओळखू येतो. पण रेषाचित्रापासून पाय उलटे होतायत, पुढचा मागे जातो. "डावा पाय पुढे" लिहिलं तरी तेच. तिचा डावा की बघणाऱ्याचा डावा धरतं हे?