बिनहँडलची शटर्स: खाचेची पट्टी की पुश? वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

इंद्रायणीकाठ: स्वयंपाकघराचं काम काढलंय. ओटा एल आकाराचा, खाली ट्रॉल्या, वर भिंतीला कपाटं. ओटा आणि फ्रीज यांच्यामधून जेमतेम एक माणूस जातो, आणि सध्याच्या हँडलांत ओढणीपासून पिशवीच्या बंदापर्यंत सगळं अडकतं. म्हणून हँडल नको, एवढं ठरलंय. पुढे मतभेद आहेत. इंटिरियरवाला म्हणतो गोला प्रोफाइल, म्हणजे ओट्याखालून आडवी जाणारी अॅल्युमिनियमची खाच. सुतार म्हणतो पुश लावा, निम्म्या खर्चात होईल. शोरूममध्ये दोन्ही झकास दिसतात, पण तिथे कोणी कणीक मळत नाही. रोज वापरणाऱ्यांनी लिहा.

रानजाई: आमच्याकडे खाली सगळीकडे गोला आहे, काळ्या रंगाचा. उघडायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. हात पिठाचे असले तरी करंगळी अडकवून ट्रॉली ओढता येते, शटरला हात लागतच नाही. पण पोळ्या लाटताना ओट्याच्या कडेवरून जे पीठ खाली सांडतं ते थेट त्या खाचेत बसतं. गॅसपाशी त्यात तेलाची वाफ मिसळते आणि चिकट थर होतो. मधल्या भागावरून ओलं फडकं फिरवलं की काम होतं. टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं, त्या कोपऱ्यात मात्र जुना टूथब्रशच लागतो. काळ्यावर पीठ लगेच दिसतं. मला ते बरंच वाटतं, दिसलं की पुसलं जातं.

दुसरी गोष्ट सिंकची. ग्रॅनाइटच्या कडेवरून ओघळणारं पाणी खालच्या बाजूने आत वळून खाचेत येत होतं. फरशीवाल्याकडून सिंकपुरती ग्रॅनाइटच्या खालून, कडेच्या थोडं आत, एक बारीक चर मारून घेतली. आता थेंब तिथेच तुटून खाली पडतो. ग्रॅनाइट बसवण्याआधी सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

निवांतनाना: आमच्याकडे सगळीकडे पुश, वर चकचकीत अॅक्रिलिक. दिसायला आरसा आणि बोटांचे ठसेही आरशासारखेच! फोडणी देता देता मिसळणाचा डबा काढायचा म्हणजे शटरवर हळदीचं बोट उमटणारच. सिंकपाशी भांडी घासताना पोट टेकलं की खालचं दार टकटक करून उघडतं. नातवाला तर तो खेळच झालाय. आणि पुशसोबत सॉफ्ट क्लोज मिळतच नाही, हे आधी कोणी सांगत नाही. दार आपटतं किंवा परत उघडतं.

सुतारपक्षी: नाना, तुमचं अर्धं बरोबर आहे. दार परत उघडतं त्याचं कारण बहुधा बिजागरी. सॉफ्ट क्लोजच्या बिजागरीत स्प्रिंग असते, ती दार आत ओढते. पुशचा दट्ट्या त्याला बाहेर ढकलतो. दोघांची कुस्ती लागली की दार एक तर उघडत नाही, नाही तर अर्धवट राहतं. पुशच्या दाराला बिनस्प्रिंगची बिजागरी लागते. दार धरून ठेवायचं काम दट्ट्याच्या टोकाचं चुंबक करतं. ओळखायचं असं: दार चार बोटं उघडं ठेवून सोडा. आपणहून आत ओढलं गेलं तर बिजागरी चुकीची आहे.

ते ठीक असेल तर फट बघा. दट्ट्या दाबला जायला दार खोक्यापासून दोन-तीन मिलिमीटर पुढे उभं राहायला हवं. दट्ट्याचं टोक फिरवून ही फट कमी-जास्त करता येते. बंद करताना आपटू नका, तळव्याने शेवटचं ‘टक’ होईपर्यंत दाबा.

ट्रॉल्यांसाठी पुश आणि सॉफ्ट क्लोज एकत्र असलेले चॅनल मिळतात, महाग असतात. रुंद ट्रॉलीला दोन्ही बाजूंचे चॅनल जोडणारा दांडा मागून घ्या. तो नसला तर कोपऱ्यात दाबल्यावर एकच बाजू सुटते आणि ट्रॉली अडकल्यासारखी होते.

हौशीभटक्या: खाचेच्या बाबतीत आमचा अनुभव वाईट. बेडरूमच्या सरकत्या कपाटाच्या खालच्या खाचेत धूळ जाऊन चाकं अडकतात. खाच नकोच.

रानजाई: @हौशीभटक्या, तो रूळ झाला हो. इथे खाचेत काही सरकत नाही, फक्त बोटं जातात.

सागरगोटा: रत्नागिरी. आमचा ओटा जुना, कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ग्रॅनाइट आणि मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या. गोलाला बाजूच्या फळीत कापून जागा करावी लागते. प्लायच्या खोक्यात ते होतं, बसलेल्या कडाप्प्यात कोण कापणार? मग शटरच्या वरच्या कडेलाच जे आकाराची अॅल्युमिनियमची पट्टी बसवली आणि तेवढं शटर उंचीत कमी केलं. छान चाललंय. एकच अडचण आली. ग्रॅनाइटची कड दोन पट्ट्या चिकटवून जाड केलेली होती आणि ती खाचेसमोर लोंबत होती, बोटं आत जाईनात. शटर आणखी खाली घ्यावी लागली.

पुश वरच्या कपाटांना लावून बघितलं. उन्हाळ्यात उत्तम. पावसाळ्यात शटर किंचित वाकतात, फट एका कोपऱ्यात मिटते आणि दाबलं तरी सुटत नाही. श्रावणात टोक फिरवायचं, दिवाळीत परत फिरवायचं.

सुतारपक्षी: शटर उंच असेल तर वाकणारच. दट्ट्या बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, खालच्या कोपऱ्यात, जिथे हात पडतो तिथेच हवा. आणि प्लायच्या खोक्यात गोलासाठी कापलेली कड उघडी सोडू नका. पट्टी बसवण्याआधी तिला सीलर किंवा निदान रंगाचा हात मारायला सांगा. रानजाईताईंच्या सिंकचं पाणी तिथूनच प्लायमध्ये शिरतं.

इंद्रायणीताई, तुमच्यासाठी उंचीचा हिशेब महत्त्वाचा. खोकं ७२० मिलिमीटरचं धरा. गोलाची वरची एल पट्टी त्यातली साधारण ५७ ते ६० खाते. वरच्या ट्रॉलीची जागा खोक्याच्या माथ्यापासून १७० असेल, तर पट्टीखाली उरतात ११०. त्यातून तळ आणि चॅनलची मोकळीक गेली की हातात ८० च्या आसपास. चमचे, झारे, सुऱ्या आरामात राहतील. पेले उभे राहणार नाहीत. तीन ट्रॉल्या असतील तर दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये सी पट्टी येते, दुसरी खालून ओढायची, तिसरी वरून. पुशमध्ये ही उंची वाचते. लहान ओट्याला तो फरक जाणवतो.

इंद्रायणीकाठ: हे कोणीच सांगितलं नव्हतं. आमचे वाटी-पेले वरच्याच ट्रॉलीत असतात, म्हणजे मांडणीच बदलावी लागेल. खाली गोला नक्की करतेय. एल जिथे वळतो त्या कोपऱ्याचं काय? आणि वरच्या कपाटांना पुश की काही नाही?

सुतारपक्षी: कोपऱ्यात दोन्हीकडच्या पट्ट्या जोडणारा वेगळा तुकडा येतो, तो आधीच मागवा. दोन्ही बाजूंना दोन-अडीच इंचांची बंद पट्टी ठेवा, नाहीतर एक ट्रॉली उघडी असताना दुसरी तिच्यावर आदळेल. वरच्या कपाटांना मी पुश लावत नाही. शटर खोक्याच्या तळापेक्षा २० मिलिमीटर खाली लांबवायचं, बोटं मागून घालून ओढायचं. बिघडायला काही नाही आणि सॉफ्ट क्लोजही चालतं.

निवांतनाना: गॅसवरच्या कपाटाला ते लांबवलेलं शटर खालून इतकं तेलकट होतं की बोट घालायची इच्छा होत नाही. मुलीकडे बघितलंय. त्यापेक्षा माझं पुश बरं, समोरून पुसता तरी येतं.

रानजाई: नाना, गॅसवर कपाट नाही, चिमणी असते! शेजारच्याला मात्र होतं, हे खरं. आमच्याकडे दर आठवड्याला साबणाचं फडकं फिरतं. मॅट लॅमिनेट असेल तर सुटतं. अॅक्रिलिकच्या कडेला चिकटलेलं काढताना काय होतं, ते कोणी वापरलं असेल तर लिहा.

निवांतनाना: बिजागरी तपासली. दार आपणहून आत ओढलं जातंय. म्हणजे सगळ्याच बदलायच्या?

सुतारपक्षी: आधी एका दाराच्या बदलून बघा. बहुतेकांचं कपाचं भोक ३५ मिलिमीटरचंच असतं, शटरला नवीन भोक पाडावं लागत नाही.