बांगडा खाल्ला अन् तोंड लालबुंद, डोकं ठणकायलं. ॲलर्जी आहे का?

परभणीहून लिहायलोय. रविवारी दुपारी बांगडे आणले, बर्फातले, दिसायला ठीक, वास पण नव्हता. घरी आलो अन् लाईट गेली ती संध्याकाळीच आली, उन्हाळ्यात आमच्याकडं रोजचंच. रात्री बायकोनं रवा लावून कडक तळले. पहिल्याच घासाला जिभेवर मिरं चावल्यागत चुरचुरलं, वाटलं मसाला जास्त झाला. अर्ध्या तासात तोंड, कान, मान लाल, छातीत धडधड, डोकं असं ठणकायलं की आडवाच झालो. भावाला तर माझ्यापेक्षा जास्त. बायकोला काहीच नाही! सकाळी सगळं गायब. इतकी वर्षं खातोय, ॲलर्जी आत्ताच निघते का? मागं पिझ्झा खाल्ला तेव्हा पण डोकं दुखलं होतं.

गोदाकाठ: कच्चा राहिला असंल ओ. नीट तळला की जंतू मरतात, विषय संपला.

लातूरकरीण: मला आंबवलेल्या ढोकळ्यानं असंच होतं. तुम्ही इनो घातलं होतं का?

धागाकर्ता: ताई, मासा आहे हो, ढोकळा नाही 😅

बर्फवाला: मी मासे एक्स्पोर्टच्या लॅबमध्ये होतो. जंतू मरतात हे खरं, पण त्यांनी आधीच करून ठेवलेलं हिस्टामाइन मरत नाही. बांगडा, टूना यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं, मासा गरम राहिला की जंतू त्याचंच हिस्टामाइन करतात, मग तळा, उकडा नाहीतर फ्रीझरमध्ये टाका, ते जात नाही. वास यायच्या आधी पण झालेलं असू शकतं. तुमची जीभ चुरचुरली ती त्याचीच खूण, पण दरवेळी कळतंच असं नाही. अन् ते सगळीकडं सारखं नसतं, एका माशात भरपूर तर शेजारच्यात नाममात्र, म्हणून आम्ही एका माशावरून कधी निकाल देत नव्हतो. वहिनी त्यामुळंच वाचल्या असतील. दोघांना एकदमच झालंय म्हणजे ॲलर्जीपेक्षा हेच वाटतं.

गोदाकाठ: मग आपला रोहू-कटला?

बर्फवाला: त्यात हिस्टिडीन बरंच कमी, हा त्रास सहसा नाही. पण नासलेला रोहू खाऊ नका म्हणजे झालं.

गोळीबिस्कीट: मेडिकल आहे माझं. यावर डॉक्टर बहुतेक ॲलर्जीचीच गोळी देतात, म्हणून लोकांना ॲलर्जीच वाटते. श्वास अडकला, घसा सुजला तर मात्र थेट दवाखाना. भावाला टीबीच्या गोळ्या चालू आहेत का?

धागाकर्ता: हो! चार महिने झाले. तुम्हाला कसं कळलं??

गोळीबिस्कीट: त्यात आयसोनियाझिड असते, ती शरीरात हिस्टामाइन मोडू देत नाही. म्हणून त्याला जास्त. गोळ्या बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला सांगा अन् तोवर बांगडा बंद.

लातूरकरीण: अन् पिझ्झा?

बर्फवाला: महिनोन्‌महिने मुरवलेल्या चीजमध्ये हिस्टामाइन साठतं, ताज्या मोझरेलात फार नसतं. कोणतं होतं?

धागाकर्ता: पिवळं होतं एवढंच आठवतं. बरं, चूक मासेवाल्याची का आमच्या लाईटीची? अन् चार बांगडे फ्रीझरमध्ये आहेत, बायको म्हणती मला कुठं काय झालं, मी खाते.

बर्फवाला: चूक कुणाची ते आता नाही सांगता यायचं. चारी टाका. मांजरालाही घालू नका.