मदत हवी आहे: बाळाच्या तळहातावर आडवी एकच रेषा

अवनी_म
डिस्चार्ज कार्डावर ‘सिंगल पामर क्रीज’ लिहून दिलंय. नेटवर शोधलं तर डाऊन सिंड्रोमच दिसतंय. आत्या म्हणतात, मस्तकरेषा आणि हृदयरेषा एक झाली की माणूस असामान्य निघतो. नेमकं खरं काय? लवकर सांगा, झोप उडाली आहे.

रेषावाचक
आत्या बरोबर आहेत. हस्तसामुद्रिकात या माणसाचं डोकं आणि मन वेगळं चालत नाही असं मानतात. एकाच गोष्टीवर तुटून पडणारा, हट्टी, मधलं काही न जाणणारा. जोडलेली रेषा बोटांच्या बाजूला वर असेल तर हृदयरेषेचा जोर, खाली असेल तर मस्तकरेषेचा. कोणता हात आहे ते सांगा. उजवा असेल तर फळ वेगळं.

नवजात_विभाग
मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. ताई, बाळ किती दिवसांचं? एकाच हातावर रेषा आहे की दोन्ही? आणि कार्डावर त्या एका ओळीशिवाय आणखी काय लिहिलंय?

तन्मय७
माझी आयुष्यरेषा मधेच तुटलेली आहे. वय तेहतीस. काळजी करावी का?

नवजात_विभाग
तन्मय, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

अवनी_म
नऊ दिवसांचा आहे. फक्त डावा हात. कार्डावर बाकी सगळं ‘नॉर्मल’. गरोदरपणातले स्कॅनही ठीक होते.

नवजात_विभाग
मग एक हिशोब करून बघा. साधारण आठशे जन्मांमागे एका बाळाला डाऊन असतो, आणि अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हातावर ही रेषा दिसते. म्हणजे सोळाशे बाळांत डाऊन असलेली दोन, त्यांतलं रेषावालं एक. उरलेली बाळं निरोगी धरा. त्यांतही शंभरात चार तरी अशी असतात की एका हातावर ही रेषा आहे आणि बाकी काही नाही. ती साठेक होतात. नुसती रेषा सापडली तर बाळ त्या साठांतलं असण्याचीच शक्यता खूप जास्त. म्हणून डॉक्टर एकट्या रेषेवर थांबत नाहीत. अंग ढिलं आहे का, डोळ्यांच्या कडा वर वळल्यात का, मानेमागची कातडी सैल आहे का, पायाच्या अंगठ्याशेजारी जास्त फट आहे का, हे सगळं एकत्र पाहतात. दोन-तीन गोष्टी जुळल्या तरच रक्तातून गुणसूत्रं तपासायला सांगतात. स्कॅन चांगले होते ही जमेची बाजू आहे, पण त्यावरून डाऊन नाहीच असं म्हणता येत नाही.

एकरेषी
माझ्या दोन्ही हातांवर हीच रेषा आहे, वडिलांच्याही एका हातावर आहे. मी लेखापाल आहे, तब्येत ठणठणीत. लहानपणी मुलं ‘माकडाची रेषा’ म्हणून चिडवायची, त्याचं फार वाईट वाटायचं. ‘सिमियन’ म्हणजे माकडासारखी. डॉक्टर आता तो शब्द टाळतात ते चांगलंच आहे. अवनीताई, तुमचे किंवा बाळाच्या बाबांचे हात पाहिलेत का?

रेषावाचक
हिशोब मान्य. पण स्वभावाप्रमाणे रेषा बदलतात, हे मी वीस वर्षं ठसे घेऊन पाहिलंय.

नवजात_विभाग
बारीक रेषा बदलत असतील. पण या मुख्य घड्या बाळ पोटात असताना, तिसऱ्या महिन्याच्या आसपासच पडतात. तेव्हा हट्टीपणा कुठून येणार?

रेषावाचक
आम्ही त्याला पूर्वसंचित म्हणतो. यावर तुमचं-माझं जुळणार नाही. पण फोटो टाका, कारण बरेच लोक सिडनी रेषेलाच एकरेषा समजतात. तिच्यात मस्तकरेषा थेट करंगळीखालच्या कडेपर्यंत जाते, पण वर हृदयरेषा वेगळी शाबूत असते.

नवजात_विभाग
हे मात्र अगदी बरोबर. बाळ झोपलेलं असताना मूठ हळूच उघडा आणि बोटं थोडी वाकवा. चारही बोटांखाली एकच घडी या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली तर ती खरी. वर दुसरी घडी उरली, किंवा दोन घड्यांना आडवा छोटा पूल जोडत असेल, तर तो वेगळा प्रकार.

अवनी_म
पाहिलं. वर अर्धवट एक घडी दिसते, करंगळीकडून निघून मधेच संपते. म्हणजे पूल का? यांच्या उजव्या हातावर तर सरळ एकच आहे, इतकी वर्षं लक्षच गेलं नव्हतं. बाळ दूध ओढताना मात्र दमतं, मधे थांबतं, कपाळाला घाम येतो. तेही विचारायचं राहिलं.

नवजात_विभाग
ताई, हे रेषेपेक्षा महत्त्वाचं आहे. दूध पिताना घाम आणि दम म्हणजे हृदय तपासायला हवं, डाऊन असो वा नसो. पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. ओठ निळसर दिसले किंवा श्वास जोरात चालला तर थेट इमर्जन्सीत न्या.

अवनी_म
फोन लावते आहे. फोटो नंतर टाकते.