डॉक्टरांना आभाराची चिठ्ठी: तुम्ही काय लिहिलंत, कसं तपासलंत?

अबोली, मिरज

अण्णा घरी आलेत. वय ७१, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, अकरा दिवस दवाखान्यात, त्यातले सहा आयसीयूत. येत्या गुरुवारी दाखवायला जायचंय, तेव्हा डॉक्टरांच्या हातात एक छोटी चिठ्ठी द्यायची आहे. पाच-सहा ओळींचीच. मराठीतूनच, कारण त्या सगळ्या दिवसांत ते आमच्याशी मराठीतच बोलले. मी लिहिलंय ते असं:

"आदरणीय डॉक्टर साहेब, आपल्याद्वारे माझे वडिलांवर केलेल्या उपचारांमुळे त्यांना पुर्नजन्म मिळाला. तुम्ही देवदूत बनून आमच्या आयुष्यात आलात. आपले उपकार आम्ही शब्दात व्यक्त करू शकत नाही. आपले मन:पूर्वक धन्यवाद मानते. आपल्या संपूर्ण टीमची सदैव कृतज्ञ राहीन."

वाचलं की वाटतं, हे मी लिहिलेलंच नाही. व्याकरण तर तपासायचंच आहे, पण त्याहून जास्त हे खरं वाटायला हवंय. ज्यांनी अशी चिठ्ठी लिहिली असेल त्यांनी आपला अनुभव सांगा.

खिळेजुळारी

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली, लग्नपत्रिकांपासून जाहीर आभारापर्यंत. आधी चुका सांगतो, कारण त्या सोप्या आहेत.

'पुर्नजन्म' नव्हे, 'पुनर्जन्म'. पुनर् आणि जन्म असे दोन तुकडे आहेत, म्हणून रफार 'ज'वर बसतो. 'आशीर्वाद'चं 'आर्शिवाद' होतं ते याच गडबडीने. 'माझे वडिलांवर' ही जुन्या अर्जांची भाषा, आता 'माझ्या वडिलांवर' लिहा. 'वडिलांवर'मधली 'डि' तुम्ही ऱ्हस्व लिहिलीत ती बरोबर आहे. नुसतं 'वडील' लिहाल तेव्हा मात्र ती दीर्घ करा.

आभार मानतात, धन्यवाद देतात. 'धन्यवाद मानते' हे दोन्हींचं मिश्रण झालं. तसंच उपकार व्यक्त करत नाहीत. उपकार स्मरतात, फेडतात. व्यक्त होते ती कृतज्ञता. आणि माणूस कोणाचा ऋणी असतो, पण कोणाविषयी कृतज्ञ असतो. 'टीमची कृतज्ञ' कानाला खटकतं ते त्यामुळे.

'आपल्याद्वारे केलेल्या' काढून 'तुम्ही केलेल्या' लिहा, निम्मा कृत्रिमपणा तिथेच जाईल. पहिल्या वाक्यात 'आपण' धरलंत, दुसऱ्यात 'तुम्ही', तिसऱ्यात पुन्हा 'आपण'. एक काहीतरी शेवटपर्यंत ठेवा.

रात्रपाळी, सोलापूर

मी आयसीयूत सिस्टर आहे. डॉक्टरांच्या टेबलावर येणारी बहुतेक पत्रं आम्हीही वाचतो, ते मोठ्याने वाचून दाखवतात. 'देवदूत', 'पुनर्जन्म', 'शब्द अपुरे' हे शब्द इतक्या पत्रांत असतात की पत्र कोणाच्या घरून आलं ते नाव पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक पत्र मात्र दोन वर्षांपासून आमच्या ड्यूटी रूमच्या कपाटाला आतून चिकटवलेलं आहे. त्यात एका मुलाने लिहिलंय, "बाबांना श्वास घेताना भीती वाटायची तेव्हा तुम्ही त्यांच्या छातीवर हात ठेवून 'माझ्याबरोबर घ्या' असं म्हणत उभे राहायचात." बस, एवढं एकच. ते डॉक्टर खरंच तसं करतात. ते वाचल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय.

अबोलीताई, तुमच्या पत्रात डॉक्टरांनी नेमकं काय केलं ते कुठेच नाही. असं काहीतरी आठवा जे फक्त तुमच्याच बाबतीत घडलं. आणि जमलं तर 'संपूर्ण टीम' लिहू नका, कोण ते लिहा. अंथरुणावरून उठवून बसवणाऱ्या मावशींना 'टीम'मध्ये आपण आहोत असं कधी वाटत नाही.

शुद्धलेखन मंडळी

'तुम्ही' चालणारच नाही. डॉक्टरांसारख्या मोठ्या माणसाला 'आपण'च हवं, 'तुम्ही' म्हणजे बरोबरीचं झालं. शिवाय 'टीम', 'आयसीयू' हे शब्द काढून 'चमू', 'अतिदक्षता विभाग' लिहा. 'वडीलांवर'मध्ये 'डी' दीर्घच हवी, कारण मूळ शब्द 'वडील' आहे.

खिळेजुळारी

मूळ शब्द 'वडील' हे खरं, पण प्रत्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं आणि उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं. बहीण, बहिणीला. जमीन, जमिनीवर. तसंच वडील, वडिलांवर. 'शरीर'सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून 'शरीराला'.

'तुम्ही'त अनादर नाही. अकरा दिवस ज्यांना 'डॉक्टर, तुम्ही जेवलात का' असं विचारलं, त्यांना कागदावर एकदम 'आपण' म्हटलं तर अंतर पडतं. पण 'आपण'ला माझा विरोधही नाही. 'आपण'सोबत क्रियापद कसं चालवायचं यावर छापखान्यात कायम वाद असे. मी 'आपण धीर दिलात' ठेवायचो, समोरच्या टेबलावरचे गृहस्थ 'आपण धीर दिला' करायचे. 'तुम्ही'ला ती अडचण नाही: धीर दिलात, समजूत घातलीत, उपचार केलेत.

दूरदेशी

मी जर्मनीत असते. आईची बायपास नाशिकला झाली तेव्हा मला फक्त नऊ दिवस जाता आलं. परत आल्यावर सर्जनना मोबाइलवरून लांब संदेश पाठवला. शेवटी लिहायचं होतं 'आम्ही कायम कृतज्ञ राहू'. कीबोर्डने सुचवलेला शब्द घाईत दाबला गेला आणि गेलं 'कृतघ्न राहू'. म्हणजे उपकार विसरणारे. चार दिवसांनी भावाने दाखवलं. मी लगेच फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, अर्थ पोचला होता. पण मला आजही तो संदेश उघडवत नाही.

तेव्हापासून अशा मजकुरातलं प्रत्येक जोडाक्षर बोट ठेवून वाचते. आणि 'मनःपूर्वक'मध्ये विसर्ग टाकायचा असतो, अपूर्णविरामाचं चिन्ह नाही. अबोली, तुझ्या मजकुरात तेच झालंय. फोनवर दोन्ही सारखी दिसतात, छापलं की 'मन' आणि 'पूर्वक' वेगळे पडतात. विसर्ग सापडत नसेल तर सरळ 'मनापासून' लिही. मला तर तोच शब्द जास्त जवळचा वाटतो.

कोकणातला एक वाचक

माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, पण बिलात आधी न सांगितलेल्या तीन गोष्टी निघाल्या. आभाराच्या पत्रातच त्याचा उल्लेख करावा का? म्हणजे चांगलं ते चांगलं म्हणायचं आणि हेही सांगायचं.

रात्रपाळी, सोलापूर

नको. बिलाचं वेगळ्या कागदावर लिहा आणि बिलिंगच्या खिडकीवर पोचपावती घेऊन द्या. एकाच पत्रात दोन्ही घातलं तर आभार हे तक्रारीची प्रस्तावना वाटतात आणि तक्रारही कोणी मनावर घेत नाही.

तालुक्याचा डॉक्टर

मी स्वतः डॉक्टर आहे, छोट्या गावात. एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही पेशंटला त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत पाहतो. तो घरी गेला की पुढे त्याचं काय झालं ते बहुधा कळत नाही. फॉलो-अपला येतो तेव्हाही तो पेशंट म्हणूनच समोर बसतो.

माझ्याकडे एका शेतकऱ्याच्या बायकोची चिठ्ठी आहे. मण्यार चावली होती त्यांना, श्वास बंद पडत होता, इथे विषाचं औषध सुरू करून पुढे पाठवलं. चिठ्ठीत आभार हा शब्दच नाही. लिहिलंय, "काल पहिल्यांदा मोटर चालू करायला रानात गेले. जाताना काठी आपटत गेले." मला अजून काही नको होतं.

म्हणून सुचवतो की अण्णा आज काय करतात ते एका वाक्यात लिहा. आजाराचे तपशील, रिपोर्टमधले आकडे नकोत. ते आमच्याकडे आहेतच, आणि पत्र कोणी भिंतीवर लावलं तर पेशंटची माहिती चारचौघांत जाते.

निशिगंध

इथे बरं झालेल्यांविषयी विचारलंय, माझी आई बरी झाली नाही. तरीही लिहिते. गेल्यानंतर दीड महिन्याने मी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. त्यांनी शेवटच्या आठवड्यात आईला विचारलं होतं, "तुम्हाला काय खावंसं वाटतं?" ती म्हणाली, मेतकूट-भात. त्यांनी सिस्टरना सांगून पथ्याच्या कागदावर ते लिहून घेतलं. मी पत्रात तेवढंच लिहिलं आणि खाली सही केली. व्याकरण कोणाकडून तपासून घेतलं नाही, त्यात दोन चुका होत्या हे नंतर कळलं. पुन्हा लिहिलं तर चुका सुधारेन, शब्द तेच ठेवेन.

अबोली, मिरज

निशिगंधताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

काल रात्री आईला विचारलं, तुला त्या दिवसांतलं काय आठवतं? ती लगेच म्हणाली, खुर्ची. तिसऱ्या रात्री दोन वाजता अण्णांना व्हेंटिलेटर लावायचा की अजून मास्कवरच बघायचं, हे ठरत नव्हतं. मी फॉर्म हातात घेऊन उभी होते. डॉक्टर आले, खुर्ची ओढून आईच्या समोर बसले, एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून तिला दाखवला. हे मी पहिल्या मजकुरात लिहिलंच नव्हतं. आता असं झालंय:

"आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.
तिसऱ्या रात्री दोन वाजता तुम्ही आईसमोर खुर्ची ओढून बसलात आणि एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून तिला सगळं समजावून सांगितलंत. 'सकाळपर्यंत मी इथेच आहे' असं म्हणालात आणि खरंच थांबलात. त्यानंतर आईने दिवसभरातला पहिला चहा घेतला. माझे वडील आता रोज सकाळी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत चालत जातात. तुमचे, रात्रपाळीच्या सिस्टरांचे आणि वडिलांना उठवून बसवणाऱ्या मावशींचे आम्ही मनापासून आभार मानतो."

खिळेजुळारी

छान झालंय. 'सगळं', 'सांगितलंत' असं बोलीतलं धरलंय, तर शेवटपर्यंत तसंच आहे ना तेवढं पाहिलं. आहे. 'सगळं' एका ओळीत आणि 'सगळे' दुसऱ्या ओळीत असं झालं असतं तर खटकलं असतं. माझी एकही दुरुस्ती नाही. फक्त गुरुवारी दवाखान्यात गेल्यावर मावशींचं नाव विचारा आणि हाताने घाला, त्यासाठी जागा सोडा.

शुद्धलेखन मंडळी

'वडिलांवर'चं पटलं. 'तुम्ही'चं मला अजूनही पटलेलं नाही.

अबोली, मिरज

मावशींचं नाव आईला माहीत होतं, घातलं. अण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, देवाचा उल्लेख का काढलास, मला तसंच वाटलं होतं. मग त्यांनी स्वतःच पेन घेतलं. हात अजून थरथरतो, पण सहीच्या वर त्यांनी एक ओळ लिहिली, "त्या रात्री मला तुम्हीच देव दिसलात." ती तशीच ठेवतेय.

पाकिटावर 'यांस' लिहू की 'यांना'?