प्रतिसाद: रीसेट लिंक उघडण्याआधीच ‘वापरलेली’ कशी?

> ‘ऑफिसच्या मेलवर आलेली पासवर्ड रीसेटची लिंक पहिल्याच क्लिकला “आधीच वापरलेली” दाखवते, जीमेलवर मात्र नीट चालते. असे का?’

कंपनीच्या मेलसमोर बसवलेला सुरक्षा स्कॅनर मेलमधील प्रत्येक लिंक स्वतः उघडून तपासतो, आणि आपला सर्व्हर लिंक उघडताच टोकन खर्च करत असेल, तर ते तिथेच संपते. खात्री सर्व्हरच्या लॉगमध्ये होते. अंधेरीतील एका ग्राहकाच्या बाबतीत मेल ११:०२ ला गेला, काही सेकंदांतच एका डेटा सेंटरच्या आयपीवरून त्याच टोकनसाठी `GET` आला, आणि कर्मचाऱ्याचा स्वतःचा क्लिक ११:०९ ला, त्यांच्या ऑफिसच्या आयपीवरून नोंदला गेला.

टोकनची मुदत वाढवून येथे काहीच साधत नाही. `GET` ने केवळ नवीन पासवर्डचा फॉर्म दाखवावा आणि वापरकर्त्याने पासवर्ड टाइप करून पाठवलेल्या `POST` नंतरच टोकन बाद करावे. फॉर्म जावास्क्रिप्टने आपोआप सबमिट करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण काही स्कॅनर पान खऱ्या ब्राउझरसारखे चालवतात आणि मग टोकन पुन्हा त्यांच्याच हातून खर्च होते.